फोनताईची शिकवणी

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली की आतल्या माणसाला आधी स्वतःचा श्वास ऐकू येतो. मग तो बटणं दाबतो, दारावर थापा मारतो, आणि शेवटी भिंतीवरच्या पट्टीवर लिहिलेला नंबर फिरवतो. तिकडून एक बाई बोलते. आवाज खालचा, संथ, आणि प्रत्येक वाक्याचा शेवट असा अलगद टेकवलेला, जसं काठोकाठ भरलेलं भांडं कुणी ओट्यावर ठेवावं.

"नमस्कार. मी ऐकतेय. घाबरू नका. तुम्ही एकटे आहात की बरोबर कुणी आहे?"

ही आमची शेजारीण. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीत ती तक्रारींच्या फोनवर बसते, म्हणून कचेरीत तिला सगळे फोनताई म्हणतात. तिची मुलगी शाळेत माझी विद्यार्थिनी होती, त्यामुळे हे घर मला आतून-बाहेरून ठाऊक आहे. त्या आवाजाने किती माणसांना रडू आवरायला लावलं असेल, याचा हिशोब तिनेही ठेवलेला नाही.

तिची जागा म्हणजे एक काचेची केबिन. टेबल, खुर्ची, कानाला लावायचा फोन, भिंतीवर एक छापील तक्ता. खिडकी आहे, पण ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते, आणि भिंत हाताला लागेल इतकी जवळ. फोन कधी वाजेल याचा नेम नसल्यामुळे फोनताई डबा खाते तो एक कान मोकळा ठेवून. बाथरूमला जायचं तर पलीकडच्या मेकॅनिकांच्या खोलीकडे तोंड करून हाक मारायची, "मामा, जरा कान द्या हो!" मामा म्हणजे तिथला सर्वांत जुना मेकॅनिक. मामा जागेवर असले तर ठीक. कामावर बाहेर गेलेले असले तर फोनताई थांबते. बरीच वर्षं ती अशीच थांबत आली होती.

अशात मुलीला दिवस गेले. पहिलटकरीण, दुसऱ्या गावात, सासू हयात नाही, जावई कामानिमित्त दूर. डॉक्टरांनी शेवटचे काही आठवडे पडून राहायला सांगितलेलं. मुलगी हट्टी नाही, पण त्या दिवशी फोनवर म्हणाली, "आई, तू येशील ना? नक्की सांग. 'बघते' म्हणू नकोस."

फोनताई "येते" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभी राहिली.

साहेब वाईट माणूस नाही. त्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणून ते अट घालतात. "रजा तुमचीच आहे हो, मी कोण अडवणार? पण फोनवर बसवू कुणाला? मेकॅनिकला बसवलं तर लिफ्ट कोण उघडणार?"

"मुख्य कचेरीला माणूस मागा ना."

"मागतो," साहेब म्हणाले. आणि आश्चर्य म्हणजे मुख्य कचेरीने तो पाठवलासुद्धा.

तो आला दुसऱ्या राज्यातून. तिथल्या शाखेत मेकॅनिक होता. शिडीवरून पडून खांदा निकामी झाला, जड चाक फिरवणं बंद झालं, म्हणून त्याला बसून करायचं काम दिलेलं. लिफ्टचं अंतरंग तो डोळे मिटून सांगू शकत होता. मराठी मात्र शून्य. फोनताई आणि तो एकमेकांशी बोलत ते दोघांनाही मोडकीतोडकी येणाऱ्या तिसऱ्याच एका भाषेत. मेकॅनिकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं पाहुणा.

पाहुणा हुशार. भिंतीवरच्या तक्त्यातले प्रश्न, इमारत कोणती, लिफ्ट कोणती, आत किती जण, कुणाला बरं नाही का, दिवा-पंखा चालू आहे का, आणि त्याखालच्या सूचना, दार ओढू नका, दारापासून लांब उभे राहा, माणूस निघालाय, हे सगळं त्याने एका दिवसात तोंडपाठ केलं. फोनताईला वाटलं, चला, सुटले.

पण फोन दोन बाजूंनी करावा लागतो. एक अडकलेल्याशी, दुसरा सोडवणाऱ्याशी. पाहुण्याने मामांना फोन लावला आणि पाठ केलेलं वाक्य थेट म्हटलं: "अमुक इमारत, दोन नंबर लिफ्ट, एक माणूस आत. लवकर जा."

मामा गेले. जायलाच हवं. पण परत आल्यावर केबिनच्या दारात उभे राहिले. हात ग्रीसने काळे, चेहरा त्याहून काळा.

"ताई, हा कोण मोठा लागून गेला? ना नमस्कार, ना कसं काय, एकदम हुकूम? माझा जावईसुद्धा माझ्याशी असं बोलत नाही."

"त्याला येत नाही हो मामा."

"हुकूम बरा येतो!"

पाहुण्याला शब्द कळले नाहीत, पण राग कळला. दुसरी अडचण त्याहून मोठी होती. तक्त्यातले प्रश्न संपले की समोरचा माणूस आपलं काहीतरी बोलायला लागे आणि पाहुणा गप्प होई. लिफ्टमध्ये बसलेल्या माणसाला फोनवरची शांतता म्हणजे फोन तुटला. मग आरडाओरडा, मग दारावर लाथा. फोनताईने त्याच्या हातातून फोन काढून घ्यायचा आणि भरलेलं भांडं पुन्हा ओट्यावर ठेवायचं.

साहेबांनी हे दोन्ही पाहिलं आणि अट पक्की केली. "असं करू, फोनताई. याला रोजचं बोलणं शिकवा. फार नको. माणसाला माणूस भेटल्यावर जे बोलतात तेवढं. एक पूर्ण दिवस तुम्ही बाहेर बसायचं, त्याने एकट्याने फोन सांभाळायचा. जमलं, की त्याच संध्याकाळी तुमची रजा."

"आणि नाही जमलं तर?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "जमेल हो."

म्हणजे आता लेकीकडे जायची वाट या परक्या माणसाच्या जिभेवरून जात होती.

दोन फोनांच्या मध्ये जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात शिकवणी सुरू झाली. फोनताईने खूप विचार करून पाच गोष्टी निवडल्या. सकाळी आल्यावर 'नमस्कार'. मग 'कसे आहात?' मग 'काय म्हणताय?' दुपारी 'जेवण झालं का?' आणि निघताना 'येतो'. प्रत्येकाचं उत्तरही शिकायचं, कारण लोक विचारणार.

"सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचं," तिने बजावलं. "समोरचा म्हणेल 'अरे, तू म्हण', तेव्हा बघू. बाईला विचारशील तेव्हा 'कशा आहात'. आणि मी 'येते' म्हणते, तू 'येतो' म्हणायचं."

"कसे आहात?" पाहुण्याने विचारलं.

"मजेत. तुम्ही?"

"मजेत तुम्ही."

"नाही, नाही. 'मजेत' झालं की थांब. मग 'तुम्ही?' ते विचारायचं. आपल्याकडे आलेला चेंडू परत टाकायचा. नुसतं 'मजेत' म्हणून बसलास तर वाटतं माणूस शिष्ट आहे."

पाहुण्याने थोडा विचार केला. "आणि मजेत नसेल तर?"

"तरी मजेत."

"खांदा दुखत असेल तर?"

"तरी. विचारणाऱ्याला खांद्याचं काय करायचंय? तो जाता जाता विचारतो. फार तर म्हणायचं, 'चाललंय.'"

पाहुण्याने मान डोलवली. त्याच्याकडे बहुधा विचारणारा उत्तर ऐकायला थांबत असावा. 'जेवण झालं का?' शिकवलं त्या दुपारी तर त्याने स्वतःचा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. तिला वाटलं खायला देतोय. त्याला वाटलं तिने मागितलं.

"अरे, हे आमंत्रण नाही आणि भीकही नाही," ती हसत म्हणाली. "नुसती विचारपूस. 'झालं. तुमचं?' एवढंच."

"खाल्लं नसेल तर?"

"मग म्हण, 'व्हायचंय अजून.' त्यालाही काही होत नाही."

"आणि 'येतो'? जातोय तर 'येतो' का?"

"नुसतं 'जातो' म्हणून निघायचं नसतं. मनाला लागतं. 'येतो' म्हणायचं. मागे राहणारा म्हणतो, 'या.'"

"म्हणजे परत यायचं वचन?"

फोनताई काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला आणि ती कुणा घाबरलेल्या मुलीला सांगू लागली की लिफ्ट खाली पडत नसते, दोरखंड एक नसतो, बरेच असतात, आणि ब्रेक आपला आपण लागतो. पाहुणा तिच्याकडे एकटक बघत राहिला. शब्दांकडे नाही. ती मान कशी कलती करते, कुठे थांबते, आवाज कुठे खाली आणते, ते तो टिपत होता. शिकणारा चांगला असला की तो तुम्ही शिकवता ते शिकत नाही, तुम्ही करता ते शिकतो. वर्गात उभं राहून आयुष्य काढलेल्या कुणालाही हे माहीत असतं, फोनताईला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा मेकॅनिकांच्या खोलीत गेला. मामा बूट बांधत होते. पाहुणा त्यांच्यासमोर जरा वाकला, मान कलती केली आणि खालच्या, संथ आवाजात म्हणाला, "नमस्कार... कसे आहात?"

मामांनी बूट अर्धवट सोडला. "का रे? काय झालं?"

"काय... म्हणताय?" प्रत्येक शब्द अलगद ओट्यावर.

"कोणाला काही झालं का? घरून फोन आला का माझ्या?"

मग पाहुणा साहेबांकडे गेला. साहेब पुन्हा पुन्हा विचारू लागले की मुख्य कचेरीतून काही वाईट बातमी आहे का. हिशेबाच्या टेबलावरच्या बाईने 'जेवण झालं का?' ऐकल्यावर पाण्याचा ग्लास भरून घेतला. दुपारपर्यंत सगळी कचेरी हळू आवाजात बोलायला लागली. पाहुण्याचे पाचही चेंडू परत आले, पण झेलणारे घाबरून झेलत होते.

मामांना उलगडा झाला तो चहाच्या वेळी. ते केबिनमध्ये येऊन इतके हसले की त्यांना टेबल धरावं लागलं.

"अहो ताई! हा मला सकाळपासून लिफ्टमधून बाहेर काढतोय!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा आवाज काढतो हा! अडकलेल्या माणसाचा! 'नमस्काऽर... कसे आहाऽत...' मला वाटलं, मेलो मी, मलाच कुणी सांगत नाहीये!"

आजूबाजूचे सगळे हसले. पाहुणाही हसला, कारण सगळे हसत होते. फोनताईही हसली, पण तिचे कान लाल झाले.

"मामा, माझा रोजचा आवाज असा नाही हो."

"नाही कसा? तुम्ही मला रोज सकाळी असंच विचारता. आम्हाला सवय झालीय म्हणून, नाहीतर..." मामांनी तिचा चेहरा पाहिला आणि कपातला चहा संपवला.

त्या संध्याकाळी तिने मुलीला फोन केला. रोजच्यासारखंच विचारलं: कशी आहेस, जेवलीस का, काळजी करू नकोस. मुलीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, आज एक सांगू? रागावू नकोस. तू माझ्याशी त्या आवाजात बोलतेस ना, तेव्हा मला वाटतं माझ्या आजूबाजूला दारं बंद झालीयत. मी बरी आहे. मला नुसतं ओरड. पूर्वी ओरडायचीस तशी."

फोनताईने ओरडायचा प्रयत्न केला. तिला काय ओरडावं ते सुचेना.

हे सगळं तिने मला नंतर सांगितलं. म्हणाली, स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून 'नमस्कार' म्हणून बघितलं, चार-पाच तऱ्हांनी. प्रत्येक वेळी तोच आवाज. गळ्यात जणू तोच एक मजला, लिफ्ट तिथेच येऊन थांबते.

शिकवणी आता अडली. पाहुण्याला सांगायचं काय? 'असं नको, साधं म्हण'? साधं कसं, हे करून दाखवायला गेलं की तिचा आवाज पुन्हा खाली उतरे आणि तोही आज्ञाधारकपणे आपला आवाज उतरवी. साहेबांनी दिलेला दिवस जवळ येत होता. मुलीचे दिवसही भरत आले होते.

शेवटी तिने मामांना हाक मारली. कान देण्यासाठी नाही. "मामा, याला तुमच्यात घ्या. माझ्याकडून चुकीचं शिकला."

"मी?" मामा म्हणाले. "मला हुकूम सोडणाऱ्याला मी शिकवू?"

"माझ्यासाठी."

मामांनी पाहुण्याकडे पाहिलं. त्याच्या दुखऱ्या खांद्याकडे पाहिलं. असे खांदे त्यांच्या खोलीत नवे नव्हते. "चला पाहुणं," ते म्हणाले, "या डब्यातून बाहेर."

केबिन आणि मेकॅनिकांची खोली यांच्यात नुसती प्लायवूडची भिंत. दुपारभर फोनताई फोनला बांधलेली, आणि पलीकडून तिचीच वाक्यं ऐकू येत होती.

"काय पाहुणं, कसं काय?"

"नमस्काऽर..."

"अरे मयताला आलायस का? मोठ्यानं! पाठीत एक घातल्यासारखं!"

"कसं काय!"

"हां! आता मी काय म्हणणार?"

"मजेत! तुम्ही?"

"अरे ते मी म्हणणार, तू नाही!"

हास्याचा स्फोट. स्टुलं सरकली. कुणीतरी म्हणालं, "काय म्हणताय?" आणि पाहुण्याने उत्तर दिलं, "काही नाही, निवांत!" आणि त्यावर कुणी, "निवांत? साहेब ऐकतील, पगार कापतील!" पाहुण्याला तेही पाठ करायचं होतं; दोघांनी मिळून त्याला आवरलं.

फोनताई ऐकत होती. मध्येच हलक्या आवाजात, कुणी विचारलं नसताना, "मजेत, तुम्ही?" म्हणत होती. तिच्या बाजूला समोरची भिंत होती आणि एक फोन, जो नेमका तेव्हाच वाजायचा जेव्हा पलीकडे खरी मजा यायची. ती उठून जाऊ शकत नव्हती. भाषा तिची, विद्यार्थी तिचा, आणि शाळा मात्र भिंतीपलीकडे.

ठरलेला दिवस उजाडला. साहेबांनी आपली खुर्ची केबिनमध्ये आणून ठेवली आणि फोनचा स्पीकर लावला. फोनताईला बाहेर, भेटायला येणाऱ्यांच्या बाकावर बसवलं. त्या बाकावर ती नोकरीच्या पहिल्या दिवसानंतर कधी बसली नव्हती. हात कुठे ठेवावे ते तिला कळेना.

सकाळ चांगली गेली. एका इमारतीत दार नीट लागत नव्हतं, दुसरीकडे दिवा गेला होता. पाहुण्याने मामांना फोन लावला. "मामा, नमस्कार! कसे आहात?" पलीकडून मामा ओरडले, "मजेत रे, तू?" "मजेत! दार लागत नाही." आणि मामा निघालेसुद्धा. साहेबांनी काचेतून फोनताईकडे बघून भुवया उंचावल्या. तिने एक सुस्कारा सोडला.

जेवणाच्या सुमारास तो फोन आला. एका म्हाताऱ्या बाईचा. एकटीच, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये. पाहुण्याने तक्त्यातलं सगळं विचारलं, उत्तरं नीट घेतली, दारापासून लांब राहायला सांगितलं, मामांना कळवलं. मामा गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. वेळ लागणार होता.

तक्ता संपला.

"हॅलो?" म्हातारी म्हणाली. "गेलास का रे?"

पाहुणा गप्प.

"हॅलो! अरे, कुणी आहे का?" आवाज चढला. दारावर चापट मारल्याचा आवाज आला.

फोनताई उठली. साहेबांनी काचेतूनच हात वर केला: बसा. ती उभीच राहिली. एक पाऊल आत टाकलं असतं तर म्हातारी पाच शब्दांत शांत झाली असती, आणि तिची रजा तिथेच संपली असती. ती परत बसली आणि तिने बाकाची कड घट्ट धरली. ती सांगते, इतक्या वर्षांत इतक्या माणसांना बाहेर काढलं, पण आतमध्ये असणं म्हणजे काय ते त्या बाकावर कळलं.

पाहुण्याने तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे पाहून मोठ्याने म्हणाला, "कशा आहात?"

"कशी असणार!" म्हातारी कडाडली. "डब्यात कोंडलेय! तू कसा आहेस?"

"मजेत," पाहुणा म्हणाला, आणि मग, हे कुणी शिकवलं नव्हतं, "नाही. मी पण डब्यात."

काचेआडून साहेबांनी चष्मा काढला.

दारावरच्या चापट्या थांबल्या. मग एक बारीक हसू. "मराठी नाहीस ना रे तू?"

"नाही. शिकतो. पाच येतात."

"पाच काय?"

"पाच... म्हणू?"

"म्हण. मला कुठे जायचंय!"

पाहुण्याने पाचही म्हटली. म्हातारीने मास्तरणीसारखी एकेक तपासून घेतली. 'काय म्हणताय' जरा खेचून म्हण, म्हणाली. 'जेवण झालं का' विचारल्यावर तिने सकाळपासून काय शिजवलं, किती उरलं, सुनेला कसं आवडत नाही, मुलगा कसा सुनेचीच बाजू घेतो, सगळं सांगितलं. पाहुण्याला त्यातलं काही कळलं नाही. तो योग्य जागी "हो" आणि "बरं" म्हणत गेला. मामांच्या खोलीत सगळे तेच म्हणतात.

"तुझं झालं का?" म्हातारीने शेवटी विचारलं.

"व्हायचंय अजून. तुम्ही बाहेर, मग मी."

"मग त्या मेकॅनिकला म्हणावं, पाय उचल. पोरगं उपाशी आहे."

मामांनी वर यंत्रघरात जाऊन वीज बंद केली, ब्रेक ढिला करून हाताने चाक फिरवलं, लिफ्ट मजल्याला आणली, मग खाली येऊन किल्लीने दार उघडलं. लिफ्ट सरकल्याचा, दार उघडल्याचा आवाज स्पीकरवरून आला. म्हातारी बाहेर पडता पडता ओरडली, "येते रे बाळा!"

"या!" पाहुणा म्हणाला.

आणि मागून मामांचा आवाज, "अरे, तिला परत आत बोलावतोस का?"

साहेब हसत हसत बाहेर आले. फोनताई अजून बाकाची कड धरून होती.

"जा तुम्ही," साहेब म्हणाले. "माझी ना नाही. फक्त मोबाइल चालू ठेवा. काही अडलं तर."

फोनताई गेली. बाळंतपण सुखरूप झालं, नात झाली. मोबाइल तिने उशाशी ठेवला, ओट्यावर ठेवला, बाळाला न्हाऊ घालताना पाटाशेजारी ठेवला. तो वाजला नाही. पहिले काही दिवस तिला बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. एका दुपारी बाळ झोपलं होतं, तेव्हा तिनेच कचेरीचा तो नंबर फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा, बाहेरच्या बाजूने.

"नमस्कार!" एक खणखणीत आवाज. "मी ऐकतो. बोला."

"मी बोलतेय."

"ताई! कशा आहात?"

तिच्या ओठांवर 'मजेत' आलं होतं. पण ती म्हणाली, "कंबर गेली रे पार. रात्रभर झोप नाही. पोरगी रडते, तिची आईपण रडते. मलाही रडू येतं मध्येच."

या उत्तराचं प्रत्युत्तर तिने त्याला शिकवलंच नव्हतं.

"बरं," पाहुणा म्हणाला. मग जरा विचार करून, "मामाला पाठवू?"

ती हसली. तिला विचारायचं होतं, आज किती अडकले, साहेब काय म्हणतात, टेबलावर पाणी कोण ठेवतं. तिने विचारायला तोंड उघडलं आणि आवाज आपोआप खाली उतरला, "हे बघ, काही अडलं तर घाबरू नकोस, मी..."

"ताई," पाहुणा म्हणाला, "लाइन मोकळी ठेवा. कुणी आत असेल. येतो."

आणि त्याने फोन ठेवला.

ती हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली. आतून मुलीने विचारलं, "कुणाशी बोलत होतीस गं?"

"ऑफिस."

"बोलावतायत का तुला?"

"छे," फोनताई म्हणाली. "ठेवून दिला त्याने."

"ठेवून दिला? तुझा?" मुलगी हसायला लागली. टाके दुखतात म्हणून पोट धरून हसायला लागली. "आई, तोंड बघ तुझं!"

"गप गं! बाळ उठेल!" फोनताई ओरडली, चांगली मोठ्याने, आणि बाळ उठलं.